स्टॉप लॉस तळाच्या मागे कसा गेला

२०२२च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर होता आणि तो आकडा खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मनात घट्ट बसला. पुढच्या हंगामात भाव आठ हजारांच्या आसपास असतानाही कापूस घरात राहिला. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात, जिथे कापूस, केळी आणि पपई यांच्यावर वर्षाचं गणित चालतं, 'दहा हजार झाले की काढू' हे वाक्य त्या वर्षी कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. दहा हजार झाले नाहीत. २०२३च्या पावसाळ्याच्या तोंडावर भाव सात हजारांच्या घरात आला आणि बऱ्याच घरांतला कापूस त्या भावात बाहेर पडला.

मला यातली हावेची बाजू बिनमहत्त्वाची वाटते. महत्त्वाचं हे की एकमेकांशी न बोलता हजारो माणसांनी एकच आकडा निवडला. नऊ हजार सातशे तीस कुणी ठरवला नाही. आज त्याच घरांतली तरुण मुलं मोबाइलवर शेअर घेतात आणि स्टॉप लॉस लावताना पुन्हा तसाच आकडा निवडतात: पाचशे, हजार, किंवा त्याच्या एक रुपया खाली. स्टॉप लॉस म्हणजे भाव अमुक पातळीवर घसरला तर माझा माल विका, अशी आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. ती कुठे लावायची याचा नियम एका दिवसात तयार झाला नाही. त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतल्या चुकीतून आली.

सुरुवात न्यूयॉर्कची. चार्ल्स डाऊने 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये लिहिलेले अग्रलेख त्याच्या मृत्यूनंतर सॅम्युअल नेल्सनने १९०३च्या सुमारास पुस्तकात एकत्र आणले. त्या पुस्तकात स्टॉप ऑर्डरवर वेगळं प्रकरण आहे. त्या काळी स्टॉप अंतरावरून ठरायचा. घेतलेल्या भावापासून दोन-तीन पॉइंट खाली, मग शेअर कुठलाही असो. म्हणजे मोजमाप माझ्या खरेदीपासून सुरू व्हायचं. पण मी कितीला घेतला हे बाजाराला ठाऊक नसतं, आणि भावाने कुठे वळावं याच्याशी माझ्या खरेदीचा काही संबंध नसतो. गंमत अशी की उत्तर डाऊच्याच लेखनात होतं. बाजार वर जात असेल तर प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा वर असतो, ही त्याची मूळ कल्पना. चढते तळ आणि चढते माथे, हीच बाजाराची रचना. फक्त स्टॉपची सांगड या कल्पनेशी घातलेली नव्हती.

ती घट्ट सांगड जॉन मॅगीने घातली. मॅगी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा, आलेख हाताने काढणारा माणूस. रॉबर्ट एडवर्ड्सबरोबरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९४८ साली आलं, आणि त्यातला स्टॉपचा नियम मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटतो. भावाने घसरून तळ केला, की तो तळ लगेच धरायचा नाही. थांबायचं. तळ झाला त्या दिवसाची किमान-कमाल पाहायची. त्यानंतर असे तीन दिवस गेले पाहिजेत की त्या तिन्ही दिवसांचा सगळा व्यवहार त्या दिवसाच्या कमाल भावाच्याही वर झाला. तेव्हाच तो तळ पक्का, आणि स्टॉप त्याच्या खाली सरकवायचा. खाली म्हणजे चिकटून नाही. शेअरचा भाव आणि त्याची चंचलता पाहून ठराविक टक्के खाली. आता मोजमाप माझ्या खरेदीवर उरलं नाही. प्रश्न एवढाच राहिला की कुठला भाव आला तर 'शेअर वर चालला आहे' हे म्हणणं खोटं ठरेल.

गोल आकड्यांचा धोका उघड केला तो एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या तरुण सहकाऱ्याने. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ऑस्बोर्नने १९६२ साली दाखवलं की शेअरचे भाव पूर्ण आणि अर्ध्या आकड्यांवर वाजवीपेक्षा जास्त साचतात. पुढे व्हिक्टर नीडरहॉफर आणि ऑस्बोर्न यांनी १९६६ साली त्याचं कारण मांडलं: लोक ऑर्डरच पूर्ण आकड्यावर देतात. तेव्हा न्यूयॉर्कला भाव डॉलरच्या आठव्या भागात बोलले जात. त्यामुळे जाणता माणूस पूर्ण आकड्याच्या एक अष्टमांश वर खरेदी लावायचा आणि एक अष्टमांश खाली विक्री, म्हणजे गर्दीच्या आधी त्याचा नंबर लागायचा.

पण हा पुरावा भावावरून काढलेला अंदाज होता. ऑर्डरच हातात घेऊन पाहिल्या त्या कॅरल ऑस्लर यांनी. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत असताना त्यांना एका मोठ्या बँकेकडे परकीय चलनात आलेल्या ९,६५५ ऑर्डर मिळाल्या, ऑगस्ट १९९९ ते एप्रिल २००० या काळातल्या, एकूण ५५ अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या. २००३ साली छापलेल्या त्यांच्या निबंधातला मुख्य निष्कर्ष साधा आहे. नफा घेण्याच्या ऑर्डर नेमक्या गोल आकड्यावर साचतात. स्टॉप लॉस मात्र आकड्याच्या जरा पलीकडे साचतात: विक्रीचे स्टॉप आकड्याच्या थोडे खाली, खरेदीचे थोडे वर. म्हणून भाव गोल आकड्यापर्यंत येऊन अनेकदा वळतो, आणि ओलांडला तर वेगाने पळतो. पलीकडचा पहिला स्टॉप सुटला की त्याची विक्री भाव आणखी खाली ढकलते, तिथे दुसरा सुटतो, मग तिसरा.

हे वाचल्यावर 'ऑपरेटरने माझा स्टॉप शोधून उडवला' ही तक्रार वेगळ्या उजेडात दिसते. आपल्याकडे नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर स्टॉप लॉस ट्रिगर होईपर्यंत वेगळ्या यादीत असतो. स्क्रीनवरच्या मार्केट डेप्थमध्ये तो दिसत नाही. तुमचा स्टॉप कुणाला पाहायची गरजही नसते. ४९९ वर काय पडलं आहे, हे कुणीही न पाहता सांगू शकतो.

आता एक हिशोब करू. आकडे कल्पित आहेत. एक शेअर ४७० वरून ५१४ पर्यंत गेला, तिथून ५०१.३० पर्यंत घसरला आणि मग ५१४ ओलांडून ५१८ ला आला. म्हणजे ५०१.३० हा चढता तळ. ब्राह्मणपुरीतल्या एखाद्या मुलाकडे दोन लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात त्याने जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे दोन हजार रुपये, गमवायचे असं ठरवलं आहे. ५१८ ला घेऊन तो स्टॉप ४९९ ला लावतो. अंतर १९ रुपये, म्हणून १०५ शेअर.

त्याच्यासारख्यांची गर्दी इथे एक नाही, दोन ठिकाणी आहे. पहिली ५०१.३०च्या लगेच खाली, कारण तो तळ आलेखावर सगळ्यांना दिसतो. दुसरी ५००च्या लगेच खाली. भाव ५०१ ला गेला की पहिली गर्दी विकते, त्या विक्रीने ५०० मोडतं, मग दुसरी विकते. भाव ४९८.१० पर्यंत जातो. विकणारे संपतात, वाट पाहणारा खरेदीदार उचलतो आणि दिवस ५०५ ला बंद होतो. मुलाचा माल गेला आणि शेअर पुन्हा वर निघाला.

म्हणून स्टॉप तळाच्या मागे हवा, आणि तळाला चिकटूनही नको. किती मागे? वेल्स वायल्डरने १९७८ साली दिलेलं माप इथे कामाचं आहे: गेल्या १४ दिवसांत शेअर दिवसाला सरासरी किती हलतो. समजा नऊ रुपये. त्याचा अर्धा, साडेचार रुपये, तळातून वजा केला की ४९६.८० येतात. दोन्ही गर्दी वर राहिल्या. हाच हिशोब ४९५.१० वर येऊन थांबला असता तर मी तो ४९४.४० पर्यंत ढकलला असता, कारण ४९५च्या खालीही लोक उभे असतात. आता अंतर २१.२० रुपये आणि शेअर ९४. जोखीम तीच, दोन हजारांच्या आत. ११ शेअर कमी घेतले एवढीच किंमत. ही पायरी मात्र बहुतेक जण गाळतात. ते स्टॉप लांब नेतात आणि शेअर १०५च ठेवतात, मग प्रत्येक तोटा ठरवल्यापेक्षा मोठा होतो.

अर्धा हा आकडा काही पवित्र नाही. बातमीच्या दिवसांत एक पूर्ण सरासरीही कमी पडते, शांत शेअरला पाव पुरतो. कमी पडतो आहे हे ओळखायची खूण अशी: स्टॉप उडाल्यावर त्याच दिवशी भाव तळाच्या वर बंद झाला, आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर अंतर कमी आहे. उलट भाव ५०१.३०च्या खाली बंद झाला, दुसऱ्या दिवशी तिथपर्यंत येऊन परत फिरला आणि मग ४९६.८० ला स्टॉप लागला, तर रचना मोडली आहे. तो तोटा योग्य होता आणि स्टॉपने आपलं काम केलं.

तळाच्या खालची गर्दी इतकी दाट झाली की तिच्यावर स्वतंत्र पद्धत उभी राहिली. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिसने नवख्यांना 'टर्टल' म्हणून तयार केलं. वीस दिवसांचा तळ मोडला की विकायचं, हा त्यांचा एक नियम. नव्वदीच्या मध्यात लिंडा रॅश्की आणि लॅरी कॉनर्स यांनी नेमका उलटा डाव छापला. वीस दिवसांचा नवा तळ झाला, आधीचा तळ निदान चार दिवस जुना असला, आणि भाव त्या जुन्या तळाच्या वर परत आला, की खरेदी. आधीच्या तळाला चिकटवलेला स्टॉप या लोकांना माल पुरवतो. मॅगीचा 'ठराविक टक्के खाली' हा भाग आज त्याच्या काळापेक्षा जास्त मोलाचा आहे, कारण आता तळ सगळेच पाहतात.

जागा कितीही नीट निवडली तरी काही गोष्टी तिच्या हाताबाहेर राहतात. निकालानंतर शेअर सकाळी ४८० ला उघडला, तर ४९६.८०चा मार्केट स्टॉप ४८०च्या आसपासच विकेल आणि तोटा दोन हजारांऐवजी साडेतीन हजारांच्या पुढे जाईल. दुसरी गोष्ट मुंबईतच घडली. २० ऑगस्ट २०२१ रोजी निफ्टीच्या १६४५० कॉल ऑप्शनचा भाव काही क्षणांत ८०० रुपयांच्या वर उडाला आणि लगेच दीडशेच्या आत परतला. ज्यांनी तो विकून मार्केट स्टॉप लावले होते, त्यांचे स्टॉप सुटले आणि मिळेल त्या भावात खरेदी झाली. त्यांची पातळी चुकीची होती असं नाही; ऑर्डर कुठल्याही भावाला तयार होती. २७ सप्टेंबर २०२१ पासून नॅशनल स्टॉक एक्सचेंजने ऑप्शनमध्ये तशा ऑर्डर बंद केल्या. आता तिथे ट्रिगरबरोबर लिमिट द्यावीच लागते. शेअरमध्येही मी ती देतो: ट्रिगर ४९६.८०, लिमिट ४९४.५० अशी. दोन्हींमध्ये दोन-तीन रुपयांची जागा सोडली की साध्या घसरणीत ऑर्डर पूर्ण होते. भाव तेवढ्यातूनही निसटला तर ऑर्डर तशीच पडून राहते, आणि मग विकायचं की थांबायचं हे स्क्रीनसमोर बसून स्वतः ठरवावं लागतं.