पिवळी अष्टपुत्री की हिरवा शालू? विटलेल्या रंगीत छायाचित्राची साक्ष तपासताना (थ्रेड)

१/ आमच्या आजोळच्या अल्बममध्ये १९७८ सालच्या एका लग्नाचे रंगीत छायाचित्र आहे. वधू माझी थोरली मावशी. आज ते सारे छायाचित्र लालसर-किरमिजी झाले आहे आणि मावशीची साडी मातकट तपकिरी दिसते. मूळची साडी कोणत्या रंगाची होती, या साध्या प्रश्नावर एक जुना कौटुंबिक वाद अडकलेला होता.

२/ आमच्या घरी मुहूर्ताला वधू मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसते. मंगलाष्टके आटोपली की पुढच्या विधींसाठी हिरवा शालू. छायाचित्राच्या कडेला काळी टोपी घातलेले थोरले आजोबा उभे आहेत. घरातली आख्यायिका अशी की मानपानावरून ते रुसले, मुहूर्त टळेपर्यंत मांडवात आलेच नाहीत, आणि शेवटी पंगतीच्या वेळी कोणीतरी समजूत घालून त्यांना आणले. आजी हे ठामपणे नाकारते. तिचा पुरावा हेच छायाचित्र : "बघ, ती पिवळ्यातच आहे आणि हे शेजारीच उभे आहेत."

३/ मावशीचा पुरावाही छायाचित्राचाच, पण दुसऱ्या प्रतीचा. हीच प्रत चौकटीत घालून दिवाणखान्यात खिडकीसमोर लावलेली आहे आणि तिच्यात साडी हिरवट दिसते. एकाच निगेटिव्हच्या, एकाच दुकानातून आलेल्या दोन प्रती, आणि दोघींची साक्ष परस्परविरुद्ध.

४/ त्या काळच्या रंगीत प्रतीत रंगाचे तीन थर असतात : निळसर-हिरवा सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळा. सायन लाल प्रकाश शोषतो, मॅजेंटा हिरवा आणि पिवळा थर निळा. कागद धुताना विकासक रसायन आणि थरातले 'कपलर' नावाचे द्रव्य यांच्या संयोगातून हे रंग तयार होतात. हे सेंद्रिय रंग आहेत. कृष्णधवल छायाचित्रातल्या चांदीचा टिकाऊपणा त्यांच्यात नाही.

५/ आणि ते तिघे एकाच चालीने विटत नाहीत, इथे सारी गंमत आहे. अंधारात, म्हणजे बंद अल्बममध्ये किंवा ट्रंकेत, त्या पिढीच्या बहुतेक कागदांवर सायन सर्वांत दुबळा ठरला. उष्णता आणि दमटपणाने तो रंगहीन रूपात जातो. लाल प्रकाश अडवणारा पहारेकरीच गेला, की चित्र लालसर होते. उलट उजेडात बहुधा मॅजेंटा आधी जातो आणि चित्र हिरवट पडते.

६/ तेव्हा आजीची प्रत लाल झाली ती अल्बममध्ये राहिल्यामुळे आणि मावशीची हिरवी झाली ती खिडकीमुळे. चौकटीतल्या प्रतीत तर थोरल्या आजोबांची काळी टोपीसुद्धा शेवाळी दिसते. म्हणजे दोघींपैकी कोणाचाही पुरावा डोळ्यांनी पाहून ग्राह्य धरता येत नव्हता. मी अल्बममधली प्रत निवडली, कारण अंधारातला ऱ्हास सबंध कागदावर बराचसा सारखा होतो. उजेडातला ऱ्हास चौकटीच्या पट्टीखाली वेगळा, मध्यभागी वेगळा.

७/ तिसरे एक दुखणे आहे, पिवळेपणाचे. प्रतिमा तयार होताना न वापरलेला मॅजेंटाचा कपलर कागदातच शिल्लक राहतो आणि वर्षानुवर्षे हळूहळू पिवळा डाग बनतो. कोडॅकने १९४२ साली बाजारात आणलेल्या कोडॅकलर पद्धतीच्या सुरुवातीच्या प्रती यासाठी कुप्रसिद्ध आहेत : त्यांच्या पांढऱ्या कडा आज गडद पिवळ्या दिसतात. हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ सालच्या आपल्या जाडजूड ग्रंथात या साऱ्या ऱ्हासाची मोजमापे मांडली आहेत. आवड असणाऱ्याने तो अवश्य चाळावा.

८/ आता दुरुस्ती. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. डाग ही *भर* आहे : पांढऱ्या कडेवरही तो दिसतो. सायनचे विटणे ही *घट* आहे, आणि ती जितका रंग होता त्या प्रमाणात होते. पांढऱ्या जागी सायन नव्हताच, तिथे काही गेले नाही. गडद जागी पुष्कळ होता, तिथून पुष्कळ गेला. म्हणून लाली सावल्यांत जास्त आणि उजळ भागात कमी असते. दोन दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

९/ आधी स्कॅन. माझी प्रत चिकट पानाच्या अल्बममध्ये होती. असे चित्र नखाने उचलू नये, कागद फाटतो. दात साफ करण्याचा मेणरहित धागा खालून करवतीसारखा हळूहळू फिरवला की ते सुटते. तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करावे. प्रत्येक रंगासाठी १६ बिट, टिफ फाइल, आणि स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद. ती चालू राहिली तर पुढचे प्रत्येक मोजमाप निरर्थक होते, कारण यंत्राने काय बदलले ते आपल्याला कळत नाही. मूळ स्कॅन जसाच्या तसा जपून ठेवावा, दुरुस्ती त्याच्या नकलेवर करावी.

१०/ मग दोन जागा मोजल्या. आकडे ० ते २५५ या मापात, लाल, हिरवा, निळा या क्रमाने. छायाचित्राची पांढरी कड : २३६, २२६, २००. निळा आकडा सर्वांत कमी, म्हणजे पिवळा डाग. थोरल्या आजोबांची काळी टोपी : ९२, ५०, ५२. काळ्या टोपीत लाल आकडा जवळजवळ दुप्पट, म्हणजे सायन गेला. वादात ज्यांच्यावर आरोप त्यांचीच टोपी प्रमाण म्हणून वापरावी लागली, हा योगायोग मला आवडला.

११/ मोजायची साडी मात्र मी मुद्दाम हातात घेतली नाही. साडी हिरवी दिसेपर्यंत कळ फिरवत राहिलो असतो, तर ती हिरवी दिसली असतीच. पिवळी हवी असती तर पिवळीही. जे सिद्ध करायचे त्यालाच प्रमाण मानता येत नाही. म्हणून ज्यांचा रंग वादात नाही अशाच वस्तू : कड आणि टोपी.

१२/ पहिला प्रयत्न नेहमीचा, 'व्हाइट बॅलन्स'. कड पांढरी होईल अशा प्रमाणात तिन्ही रंग वाढवले. कड पांढरी झाली, टोपी मरून राहिली. साडी मूळ १४०, ११८, ८४ होती, ती १५१, १३३, १०७ झाली. अजूनही तपकिरीच. या पायरीने फक्त डाग गेला.

१३/ दुसरी पायरी सायनची. रंग प्रमाणात घटला असेल, तर उपायही प्रमाणातच हवा, आणि स्कॅनच्या आकड्यांत त्याचे रूप घातांकाचे होते. लाल आकड्याला कडेच्या लाल आकड्याने भागायचे आणि उत्तराला एका घातांकावर चढवायचे. घातांक असा निवडायचा, की टोपीचे तिन्ही आकडे सारखे यावेत. मॅजेंटा अंधारात बराच टिकाऊ, म्हणून हिरवा आकडा स्थिर मानला. लालसाठी घातांक १.६ आला, निळ्यासाठी १.१२ :

```
R' = 255 × (R / 236)^1.6
G' = 255 × (G / 226)
B' = 255 × (B / 200)^1.12
```

१४/ गणित नको असेल तर कोणत्याही चित्र-संपादकातली 'लेव्हल्स' ही खिडकी हेच करते. प्रत्येक रंग वेगळा निवडून उजवीकडची खूण कडेच्या आकड्यावर आणायची (लाल २३६, हिरवा २२६, निळा २००) आणि मधली खूण लालसाठी ०.६३, निळ्यासाठी ०.८९ ठेवायची. हे आकडे घातांकाचे व्यस्त आहेत. तुमच्या चित्राचे आकडे अर्थात वेगळे येतील : मधली खूण टोपी राखाडी-काळी होईपर्यंत सरकवावी आणि तिथेच थांबावे.

१५/ टोपीचे तिन्ही आकडे ५६ च्या आसपास आले, पण ते येणारच, आपणच आणले. खरी परीक्षा तिसऱ्या वस्तूची, जिचा हिशेबात वापर केलेला नाही. मांडवाच्या कोपऱ्यात स्टीलचे एक पातेले आहे. स्कॅनमध्ये १९५, १७०, १५७, म्हणजे तांब्याकडे झुकलेले. दुरुस्तीनंतर १८८, १९२, १९४. करडे. पातेले हिरवट आले असते तर सायन जास्त वाढला असे समजून मागे यावे लागले असते. चेहरेही पाहावेत : अति दुरुस्तीत ते आधी राखेसारखे होतात.

१६/ आणि साडी? १११, १३३, ९७. हिरवी. फिकट, मळकी, पण हिरवी.

१७/ इथे एक शंका रास्त आहे. पिवळ्या डागाचा हिशेब काटेकोर नाही. न वापरलेला कपलर पांढऱ्या जागी जास्त आणि गडद जागी कमी उरतो, म्हणून कडेवरचा डाग सगळीकडे सारखा वजा करणे हे स्थूल अनुमान आहे. शिवाय प्रत्येक रंग आपल्या वाट्याबाहेरचा प्रकाशही थोडा शोषतो, त्यामुळे तीन वाहिन्या परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. म्हणून ही नेमकी छटा मी शपथेवर सांगणार नाही. पोपटी होती की बाटलीहिरवी, हे या कागदातून निघणार नाही.

१८/ पण पिवळे की हिरवे, हा प्रश्न डागावर अवलंबून नाही. दोन्ही रंग निळा प्रकाश शोषतात. फरक एवढाच की हिरवे कापड लाल प्रकाशही शोषते आणि पिवळे तो परत फेकते. म्हणजे निकाल लाल आकड्याचा. १.६ ऐवजी १.४ घातांक घेऊन पाहिला : साडीचा लाल १२३, हिरवा १३३. कल तोच. १.२ ला मात्र तो उलटतो, पण तेव्हा टोपी उघड तांबडी राहते आणि पातेले पुन्हा तांब्याचे होते. म्हणजे साडी पिवळी ठरवायची तर स्टीलचे पातेले खोटे मानावे लागेल.

१९/ तेव्हा छायाचित्र मंगलाष्टकांनंतरचे. आजीचा पुरावा बाद झाला, पण तिचे म्हणणे खोटे ठरले असे नाही. थोरले आजोबा मुहूर्तालाही हजर असून कॅमेऱ्यासमोर आले नसतील; या एका चित्रातून एवढेच कळते, की शालू नेसून झाल्यावर ते मांडवात होते. मुहूर्ताचे छायाचित्र अल्बममध्ये एकच आहे, आणि त्यात वधूवरांमागे फक्त अंतरपाट आणि कोणाचे तरी हात.

२०/ दुरुस्त प्रत आजीला दाखवली. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "टोपी मात्र अशीच होती." मावशी शालूबद्दल काही बोलली नाही. चौकटीतली प्रत तिने खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर लावली. अल्बममध्ये त्या चित्राखाली मी पेन्सिलीने नवी ओळ लिहिली आहे : 'मंगलाष्टकांनंतर, शालूत.' शेजारी मूळ स्कॅनच्या फाइलचे नाव आणि वापरलेले दोन घातांक, म्हणजे पुढे कोणाला पटले नाही तर पुन्हा मोजता येईल.