साठ टक्क्यांचा अर्थ

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आरंभी ती शिकवणारी नव्हे, परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि तपासायचे विद्यापीठाने नेमलेल्या परीक्षकांनी. या व्यवस्थेत गुण हे मुख्यतः वर्ग ठरवण्याचे साधन राहिले. पुढे आपल्याकडे जी उतरंड रूढ झाली, तिच्यात साठला प्रथम वर्ग मिळे. साठच्या वरची चाळीस घरे, निदान भाषा आणि इतिहासासारख्या विषयांत, जवळजवळ रिकामीच असत. निबंधवजा उत्तराला पैकीच्या पैकी गुण देणारा परीक्षक सहकाऱ्यांच्या थट्टेचा विषय झाला असता.

ही रिकामी घरे परदेशी प्रवेश समितीला दिसत नाहीत. अमेरिकेत साधारणपणे नव्वदच्या पुढे ‘ए’ आणि साठ ते सत्तरच्या दरम्यान ‘डी’ मिळतो. त्या नजरेने आपला प्रथम वर्ग म्हणजे जेमतेम सुटका. इंग्लंडात प्रथम वर्ग सत्तरला असल्याने तिथे निदान ओळख पटते.

जुन्या गुणपत्रिका जमवण्याचा मला नाद आहे. त्यामुळे आसपासची मुले अर्ज भरताना माझ्याकडे येतात. त्यांपैकी एकीची हकीकत सांगतो. तालुक्याच्या गावातले महाविद्यालय, बी. ए. इतिहास, ६२ टक्के. तिला जर्मनीत पुढे शिकायचे होते. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. परदेशी गुण त्या मापात बसवण्यासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. तिच्या विद्यापीठात उत्तीर्णतेला ४० लागत. म्हणजे ३८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १. उत्तर आले २.९, म्हणजे मध्यम.

त्या वर्षी तिच्या महाविद्यालयात इतिहास घेतलेले ७१ विद्यार्थी होते. साठच्या वर दोघेच आणि सर्वोच्च गुण ६४. शंभराच्या जागी हे ६४ घातले, तर तेच सूत्र १.२५ देते! पण तसे घालण्याची मुभा नाही. सूत्रात कमाल म्हणजे मोजपट्टीवरची कमाल, प्रत्यक्षात कुणाला मिळालेली नव्हे. त्यामुळे २.९ कायम राहते आणि ६४ हा आकडा सांगायला उद्देशपत्रातल्या संदर्भ टिपेखेरीज जागा उरत नाही.

तिची टीप चार वाक्यांची झाली. विद्यापीठात प्रथम वर्ग ६० टक्क्यांपासून सुरू होतो. उत्तीर्णतेची मर्यादा ४० आहे. महाविद्यालयात त्या वर्षी इतिहासाच्या ७१ विद्यार्थ्यांत सर्वोच्च गुण ६४ होते आणि अर्जदाराचा क्रमांक दुसरा होता. सोबत निकालपत्रकावरून प्राचार्यांनी दिलेला दाखला जोडला आहे. ‘आमच्याकडे तपासणी फार कडक असते’ हे तिने आधी लिहिलेले वाक्य आम्ही काढून टाकले. ती तक्रार वाटते, आणि समितीला ती पडताळता येत नाही. क्रमांक पडताळता येतो. अर्जात गुणांचा रकाना मात्र मूळ मापातच भरला, कारण रूपांतर करणे हे त्यांचे काम. आपण केलेले रूपांतर त्यांच्या उत्तराशी जुळले नाही, तर संशय आपल्यावर येतो.

श्रेणी पद्धत आल्यावर घोळ वाढला. सीबीएसईने दहावीसाठी श्रेणीगुणांना ९.५ ने गुणायला सांगितले होते आणि तो आकडा पुढे लोकांच्या तोंडी बसला. पदवीचे ६.७५ त्याने गुणले तर ६४ टक्के येतात. एआयसीटीईच्या तक्त्यात मात्र ६.७५ म्हणजे ६० टक्के. म्हणून टिपेत सूत्र लिहायचे ते आपल्या विद्यापीठाने गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेले, दुसरे नाही. काही पदव्यांत पहिले वर्ष टक्क्यांत आणि पुढची श्रेणीत असतात. ते एका वाक्यात सांगितले नाही, तर वाचणाऱ्याला मुलगा मध्येच घसरला किंवा चढला असे वाटते.

टिपेची ताकद इथेच संपते. साठ टक्के पुष्कळांना मिळू लागल्यापासून नुसते ‘प्रथम वर्ग’ हे शब्द काही सांगत नाहीत, सोबत क्रमांक हवाच. राज्य मंडळाचा २०२१ चा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, कारण त्या वर्षी लेखी परीक्षाच झाली नाही. त्या मुलांनी टिपेत तेवढे एक वाक्य लिहावे आणि बारावीच्या गुणांकडे बोट दाखवावे. आणि ७१ पैकी पन्नासाव्या क्रमांकावर असलेल्याने क्रमांक न लिहिता प्रबंधिकेबद्दल लिहावे. मी तरी त्याला हेच सांगतो.