सावित्रीचे व्रत आणि रुरूचे अर्धे आयुष्य

ज्येष्ठी पौर्णिमा आली की ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत, जिथे एखादा वड अजून उभा आहे तिथे, सकाळपासून सूत गुंडाळले जाते. गव्हांनी ओटी भरायची, आंबा ठेवायचा, फेऱ्या घालायच्या आणि पाच फळांचे वाण सुवासिनीला द्यायचे. जिथे वड राहिला नाही तिथे बाजारातून फांदी येते आणि चौथ्या मजल्यावर कुंडीत खोचून पुजली जाते. कल्याणला तर एकाच वडाखाली हा सोहळा दोनदा दिसतो. उत्तरेकडून आलेल्या शेजारणी पंधरा दिवस आधीच्या अमावास्येला येतात आणि आपल्याकडच्या बायका पौर्णिमेला. कथा एकच, तिथी मात्र दोन.

ती कथा महाभारतात वनपर्वात आहे. मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. पण तिथे वडाची पूजा नाही. सत्यवानाच्या मृत्यूला चार दिवस उरले असता सावित्री तीन रात्रींचे व्रत धरते आणि अन्नावाचून उभी राहते. नवऱ्याला ती काही सांगत नाही. चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर रानात जाते आणि यम आला की त्याच्या मागे चालू लागते.

त्या वाटेवरचे तिचे मागणे पाहण्यासारखे आहे. पहिला वर आंधळ्या सासऱ्याच्या दृष्टीचा, दुसरा त्याच्या गेलेल्या राज्याचा, तिसरा आपल्या पित्याला शंभर पुत्रांचा. चौथ्या वराने ती स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र मागते. या चारही वेळा ‘याच्या प्राणावाचून काहीही माग’ असे यम बजावतो. पाचव्या वेळी ही अट घालायची राहते, आणि पतीवाचून चौथा वर खरा कसा होणार, हे ती त्याला दाखवून देते. उपवास तर तिने केलाच. पण सत्यवान परत आला तो तिच्या बोलण्याने. वड, सूत आणि फेऱ्या या कथेला पुढे पुराणांनी आणि व्रतग्रंथांनी जोडल्या. तीन रात्रींचा उपवासही बहुतेक घरांत एका दिवसावर आला.

आमच्या शाळेतील एक शिक्षिका पती गेल्यापासून त्या दिवशी वडाच्या रस्त्याने येत नसत. लांबच्या गल्लीने येत. कोणी त्यांना अडवले नव्हते, पण वाणही कोणी दिले नसते. मला तेव्हा वाटे, शास्त्रच तसे असेल. पुढे व्रतग्रंथांत उद्धृत केलेला एक श्लोक वाचनात आला. त्याचा आशय असा, की स्त्री सधवा असो वा विधवा, पुत्रवती असो वा नसो, तिने हे व्रत करावे. म्हणजे ही बंदी ग्रंथापेक्षा रूढीचीच अधिक! मी तो श्लोक बाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाल्या, “सासूबाईंना कोणी सांगितलं असतं, तर त्याही गेल्या असत्या हो.”

दुसरा प्रश्न ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात विचारला होता. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोचे प्राण आणायला त्या वाटेने कोणी पुरुष गेल्याचे ऐकिवात तरी आहे का?

या प्रश्नाचे एक उत्तर महाभारतातच आहे. आदिपर्वात रुरू नावाच्या तरुणाची वाग्दत्त वधू प्रमद्वरा लग्नाच्या थोडे आधी सर्पदंशाने मरते. रुरू शोक करतो, तेव्हा देवदूत त्याला एकच उपाय सांगतो: स्वतःचे अर्धे आयुष्य तिला दे. रुरू तत्काळ देतो आणि ती उठून बसते. मात्र या कथेवरून घरोघर कोणी व्रत धरले नाही. सावित्रीची पौर्णिमा झाली. रुरूची तिथी झाली नाही.

डोंबिवलीकडची आजची तरुण जोडपी ही कथा वाचून वागतात असे नव्हे. पण काहींचे वागणे तिच्या जवळ येते. दोघे मिळून उपास करतात आणि संध्याकाळी लोकलने परतल्यावर एकत्र सोडतात. कोणी फांदी आणण्याचे नाकारून वडाचे रोप लावतात. वडाच्या मुळ्या भिंतीत शिरतात, म्हणून ते इमारतीपासून दूर, मोकळ्या जागेतच लावावे लागते. शिवाय पौर्णिमेनंतर पावसाळाभर त्याकडे पाहिले नाही, तर दिवाळीपर्यंत तिथे नुसती काठी उरते. काही मुली व्रत करतच नाहीत आणि नवरेही आग्रह धरत नाहीत.

आमच्या इमारतीतील एका सुनेला सासूने विचारले, “तू उपास धरतेस तो ठीक, पण हा कशाला धरतो?” सून म्हणाली, “आई, मी त्यांचं आयुष्य मागते. माझं कोणीतरी मागायला नको का?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनी साबूदाण्याची खिचडी दोघांपुरती केली, आणि मग सासऱ्यांकडे पाहून आणखी एक वाटी साबूदाणा टाकला.