नाव पुकारलं की सगळं विसरतं? भाषणाच्या तालमीच्या ७ पद्धती

स्लाइड १ : पाठ होतं, तरी का विसरलं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ९ सप्टेंबरला हमखास एक भाषण होतं, हुतात्मा शिरीषकुमार मेहता यांच्यावर. त्या भाषणात एक दृश्य दरवर्षी दिसतं. मुलगी माइकसमोर येते, "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग..." हे सगळं धडाधड म्हणते आणि तिथेच थांबते. पुढचं वाक्य आठवतच नाही.

तिने तयारी केली नव्हती असं नाही. ती खाटेवर बसून, कागद हातात धरून, मनातल्या मनात वाचत होती. प्रत्यक्षात मात्र तिला उभं राहून, कागदाशिवाय, मोठ्याने आणि छातीत धडधडत असताना बोलायचं होतं. म्हणजे तालीम एका गोष्टीची झाली आणि परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची.

या कॅरोसेलमध्ये आपण एकच भाषण घेऊ. समजा, धडगावकडच्या आश्रमशाळेतली नववीची विद्यार्थिनी आहे. विषय शिरीषकुमार, वेळ ३ मिनिटं, हातात आठवडा. रोज एक पद्धत.

स्लाइड २ : दिवस पहिला. आधी घरच्या भाषेत सांगा

नंदुरबारमध्ये घरी भिली, पावरी, अहिराणी, गुजराती अशा अनेक भाषा बोलल्या जातात. भाषण मात्र पुस्तकी मराठीत करायचं असतं. त्यामुळे डोक्यावर एकाच वेळी दोन कामं पडतात : काय सांगायचं ते आठवणं आणि ते 'शुद्ध' बोलणं. घाबरल्यावर ही दोन्ही कामं एकत्र जमत नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशी कागद हातात घेऊच नका. आपल्या विद्यार्थिनीने संध्याकाळी आजीला किंवा धाकट्या भावाला शिरीषकुमारची गोष्ट पावरीत सांगावी. काय झालं, कुठे झालं, मग काय झालं. ऐकणाऱ्याने "मग?" असं विचारलं की समजायचं, गोष्ट पोचतेय. तुम्ही जिथे अडखळता ती जागा भाषेची नसते. तिथली गोष्टच तुम्हाला नीट माहीत नसते. ते आधी गुरुजींना विचारून घ्या.

लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे, शिरीषकुमारच्या घरची भाषाही गुजराती होती.

स्लाइड ३ : दिवस दुसरा. पाच खुणा लिहा, कागद पालथा करा

शब्द न् शब्द पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. त्याऐवजी वहीच्या पाव पानावर फक्त पाच खुणा लिहा :

१. पंधरा वर्षं, हातात झेंडा
२. व्यापारी गाव, गुजराती घर
३. ऑगस्ट १९४२, 'चले जाव'
४. मिरवणूक, माणिक चौक, गोळीबार
५. पाच नावं

कागद एकदा वाचा, पालथा करा आणि बोला. अडलात तर लगेच उलटू नका. दहा आकडे मोजेपर्यंत आठवायचा प्रयत्न करा, मगच बघा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून पाहणारे. तुमचं भाषण आठवड्यानंतरच आहे.

दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. फक्त नावं आणि सन मात्र पक्के हवेत : शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही पाच नावं वेगळी दहा वेळा म्हणा.

स्लाइड ४ : दिवस तिसरा. फक्त पहिली ३० सेकंदं

नाव पुकारण्याआधीच छाती धडधडू लागते. ती धडधड बहुतेकांना सुरुवातीला सर्वांत जास्त जाणवते आणि बोलणं रुळलं की हळूहळू उतरते. म्हणून आख्ख्या भाषणात फक्त पहिली दोन आणि शेवटचं एक वाक्य शब्दशः पाठ करा. बाकीचं खुणांवर सोडा.

गंमत अशी की, खरी घसरण नमनात होत नाही, नमन संपल्यावर होते. 'आदरणीय व्यासपीठ' तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे ते आपोआप निघतं आणि मग डोकं रिकामं होतं. यावर उपाय म्हणजे नमन आणि पहिली दोन वाक्यं एकत्र बांधायची :

"...आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, तारीख ९ सप्टेंबर १९४२. नंदुरबारच्या रस्त्यावरून एक मिरवणूक निघाली होती आणि तिच्यात माझ्याहून एखादंच वर्ष मोठा असलेला एक मुलगा होता."

खुर्चीत बसा, उठा, पाच पावलं चाला, थांबा, समोर बघा, एवढं बोला, परत जाऊन बसा. असं वीस वेळा करा. चालणंही तालमीचा भाग आहे, ते गाळू नका.

स्लाइड ५ : दिवस चौथा. मधूनच सुरू करा

आपण नेहमी पहिल्या ओळीपासून सराव करतो. त्यामुळे सुरुवात शंभर वेळा होते आणि शेवट दहा वेळा. मध्ये अडलं की परत पहिल्या ओळीवर जायची सवय लागते. मंचावर तसं करता येत नाही.

१ ते ५ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. मैत्रिणीला एक उचलायला सांगा. ४ आला तर थेट गोळीबारापासून बोलायचं. दुसऱ्या फेरीत तिने मध्येच कुठेही टाळी वाजवायची. टाळी वाजली की थांबा, एक श्वास घ्या आणि पुढच्या खुणेवर उडी मारा. राहिलेलं वाक्य शोधत बसू नका. ते राहिलंय हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

अडल्यावर तुम्ही तीन-चार सेकंदांत पुढची खूण पकडली, तर हा टप्पा जमला असं समजा. "सॉरी" तोंडातून निघत असेल तर अजून दोन फेऱ्या करा.

स्लाइड ६ : दिवस पाचवा. छाती धडधडू द्या, मग बोला

घरी शांत बसून सराव केला तर शरीराला मंचाची सवय होत नाही. भीतीत ॲड्रेनलिन वाढतं. त्यामुळे नाडी जलद होते, श्वास वर-वर चालतो, तोंड कोरडं पडतं. यातली नाडी आणि श्वास आपण घरीही तसे करू शकतो.

साधारण पाऊण मिनिट जागच्या जागी धावा. धाप लागली की थांबा. नाकाने चार आकडे श्वास घ्या, तोंडाने सहा आकडे हळू सोडा. असं दोनदा करा आणि लगेच पहिलं वाक्य बोला. लांब सोडलेल्या श्वासाने नाडी किंचित उतरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "धडधडतंय तरी आवाज निघतोय" हे तुम्हाला स्वतः करून कळतं.

पहिल्या वेळी वाक्य तुटेल. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही आपोआप छोटी वाक्यं करू लागाल. तीच वाक्यं भाषणात ठेवा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर धावणं सोडा, फक्त श्वासाचा सराव करा.

स्लाइड ७ : दिवस सहावा. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी आकडा लिहा

आपले हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतंय असं वाटलं की भीती दुप्पट होते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की, वक्त्याला आपण जितके घाबरलेले दिसतो असं वाटतं, तितके आपण ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ज्यांना ही गोष्ट आधी सांगितली, त्यांची भाषणंही सरस झाली.

हे स्वतः तपासा. वर्गशिक्षकांचा किंवा घरातला मोबाईल समोर ठेवून पूर्ण ३ मिनिटं बोला. व्हिडिओ बघण्याआधी कागदावर लिहा : मी १० पैकी किती घाबरलेली दिसले? मग मैत्रिणीला व्हिडिओ दाखवा आणि तिचा आकडा घ्या. बहुतेकदा तिचा आकडा लहान असतो.

दुसऱ्यांदा बघताना एकच गोष्ट शोधा, वेळ. सरावात ३ मिनिटं भरणारं भाषण मंचावर सव्वादोन मिनिटांत संपलं, तर ते घाईमुळे. त्यावर 'हळू बोल' एवढं सांगून भागत नाही. प्रत्येक खूण संपली की तोंड मिटून एक श्वास घ्यायचा, असं ठरवा.

स्लाइड ८ : दिवस सातवा. खरी जागा, वाढते श्रोते

भीती एकदम नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सकाळी एका मैत्रिणीसमोर बोला, मधल्या सुट्टीत चौघींसमोर, संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत दहा-बाराजणींसमोर. दोघींना सांगून ठेवा की मुद्दाम कुजबुजा, हसा. प्रत्यक्ष कार्यक्रमात हे होणारच आहे.

शाळा सुटल्यावर जिथे भाषण आहे त्या ओट्यावर किंवा व्हरांड्यात एकदा उभं राहून या. माइक मिळत असेल तर तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर धरा आणि आपला आवाज स्पीकरमधून ऐका. स्वतःचाच आवाज परका वाटून मुलं पहिल्या वाक्यात दचकतात. ते दचकणं आदल्या दिवशीच होऊन जाऊ द्या.

स्लाइड ९ : भाषणाच्या दिवशी, आणि या पद्धतींची मर्यादा

सकाळी पूर्ण भाषण म्हणू नका. पहिली दोन वाक्यं, पाच नावं आणि शेवटचं वाक्य, एवढंच एकदा म्हणा. पाच खुणांची चिठ्ठी मुठीत ठेवा. ती बघावी लागली तरी चालेल. स्पर्धेत कागद चालतो का, हे मात्र आधी विचारून घ्या.

या तालमीने धडधड पूर्ण जाणार नाही. ती असतानाही भाषण पुढे सरकेल, एवढं नक्की होईल. पण वर्गात हजेरी द्यायलाही आवाज फुटत नसेल, भाषणाच्या भीतीने शाळा बुडत असेल किंवा आठवडाभर झोप उडत असेल, तर ते फक्त सरावाचं काम नाही. विश्वासातल्या शिक्षकांना सांगा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

हे सेव्ह करा. आणि तुमच्या वर्गात ज्याचं नाव यादीत आहे, त्याला स्लाइड ४ आधी पाठवा.