किमयेकडून कसोटीकडे

‘किमया’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. मूळचा तो अरबी ‘अल्-कीमिया’, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या. सर्व धातू पारा व गंधक यांच्या संयोगाने बनतात, त्यांचे प्रमाण साधले की सोने मिळेल, हा सिद्धान्त जाबिर इब्न हय्यान याच्या नावाने प्रसृत झाला.

दहाव्या शतकाच्या आरंभी इराणातील रय नगरीचा वैद्य अल्-राझी याचाही त्यावर विश्वास होता. तथापि त्याच्या ‘किताब अल्-असरार’ या ग्रंथाची मांडणी पाहावी: आधी द्रव्ये, मग उपकरणे, मग कृती. तापवताच वाफ होऊन उडणारे पारा, गंधक व नवसागर एका वर्गात, न उडणारे धातू दुसऱ्या वर्गात. वर्गीकरणाचा आधार गूढ अर्थ नव्हे, तर अग्नीतील प्रत्यक्ष वर्तन होते. सोने झाले नाही. पद्धत मात्र उरली.

या दोन प्रवाहांची गाठ आपल्या परिसरातच, अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त पडते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या ग्रंथात पारा-गंधकाचा सिद्धान्त आहे आणि शाही टांकसाळीतील सोन्याच्या शुद्धीची कृतीही आहे. चार शेर सोरा आणि चार शेर कच्च्या विटांची भुकटी एकत्र करावी. सहा बोटे लांबीरुंदीचे सोन्याचे पातळ पत्रे धुऊन या मिश्रणाच्या थरांत रचावेत, वर शेणी रचून मंद आच द्यावी. सोने वितळता कामा नये. वितळले तर पत्र्याचा पातळपणा जातो आणि आतील भेसळीपर्यंत क्षार पोहोचत नाही. उष्णतेने क्षार पत्र्यातील चांदी-तांबे खाऊन टाकतात, सोन्याला मात्र ते स्पर्श करत नाहीत. एका मिश्रणाला तीन आचा, अशी सहा मिश्रणे, म्हणजे अठरा आचा.

एवढे झाल्यावरही शुद्धता गृहीत धरलेली नाही. पारखी एक पत्रा मोडून पाहतो. आवाज मृदू आला तर सोने शुद्ध. कर्कश आला तर आणखी तीन आचा. शेवटी ते कसोटीच्या दगडावर, ज्ञात कसाच्या सोन्याशी रेघ ताडून तपासतात. राखेत गेलेली चांदीही शिशाच्या साहाय्याने परत काढली जाते. म्हणजे येथे धातू निर्माण होत नाही. आहे तोच वेगळा होतो आणि त्याचा हिशेब लागतो.

पुस्तकात सिद्धान्त मानाने राहिला, पण भट्टीपाशी त्याला कोणी विचारले नाही. तेथे विचारले गेले ते माप, आच आणि खूण. आमच्या माजी विद्यार्थ्यांना प्रयोगवहीतील रकाने आठवत असतील: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. ‘अनुमान’ शेवटी का लिहायचे, याचे उत्तर त्या मोडलेल्या पत्र्याच्या आवाजात आहे.