वर्षभर एकच दर : किराणा-भाजीच्या मासिक पेटीचे गणित

महिन्याचा किराणा आणि आठवड्याची भाजी एका ठरावीक रकमेत घरपोच देणारी मासिक पेटी आता शहरी कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. ग्राहकाची रक्कम वर्षभर स्थिर राहते. बाजारभाव मात्र तसा राहत नाही. गोव्यात ही विषमता अधिक जाणवते, कारण येथील भाजीचा मोठा हिस्सा बेळगावहून घाट उतरून येतो. पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की गाड्या अडकतात, आणि चतुर्थीच्या दिवसांत मागणी एकदम वाढते.

चौघांच्या कुटुंबासाठी 3,000 रुपयांची पेटी उदाहरणादाखल घेऊ. दर केवळ गणितासाठी मानलेले आहेत. उकडे तांदूळ 10 किलो, गव्हाचे पीठ 5 किलो, साखर 3 किलो, तूरडाळ 2 किलो आणि तेल 3 लिटर मिळून 1,580 रुपये होतात. भाजी महिन्याला 20 किलो, सरासरी 40 रुपये दराने 800 रुपये. भाजीतील सड व तूट दहा टक्के, म्हणजे 80 रुपये. वाहतूक व बांधणी 240 रुपये. एकूण खर्च 2,700 रुपये झाला. उरलेल्या 300 रुपयांपैकी 150 रुपये नफा आणि 150 रुपये भाववाढीसाठी राखीव, अशी विभागणी धरू.

येथे 40 रुपये हा आजचा भाव नसून वर्षाची सरासरी आहे, आणि साऱ्या व्यवहाराचा कणा तोच आहे. हिवाळ्यात तीच भाजी 30 रुपयांनी मिळाली, तर दरमहा 200 रुपये वाचतात. तीन महिन्यांत 600. ही बचत नफा समजून खर्च करणारा व्यावसायिक जुलैत अडचणीत येतो. 2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती. पेटीत 4 किलो टोमॅटो 30 रुपयांच्या हिशेबाने धरले असतील आणि भाव 120 वर गेला, तर एकट्या टोमॅटोपायी 360 रुपये जास्त लागतात. हिवाळ्यातली शिल्लक हाती असेल तर हा धक्का सहज पचतो.

खरी अडचण ग्राहकांच्या ये-जा करण्यात आहे. जानेवारीत बाजारात भाजी स्वस्त दिसली की कुटुंब पेटी बंद करते, आणि महागाई सुरू झाली की जूनअखेर पुन्हा नाव नोंदवते. त्याचा दोष देता येत नाही, हिशेब तर त्याच्या बाजूने बरोबरच असतो. परंतु अशा ग्राहकाच्या खात्यात मागची शिल्लक नसते. 360 पैकी 150 राखीव रकमेतून गेले, नफ्याचे 150 गेले, तरी 60 रुपये पदरचे घालावे लागतात. म्हणून किमान सहा महिन्यांची, शक्यतो हिवाळा व पावसाळा दोन्ही येतील अशी नोंदणी घेणे हाच यावरचा उपाय ठरतो.

दुसरा आधार बदलीच्या नियमाचा. भाजीचे एकूण वजन कायम, प्रकार मात्र बदलता येतील, असे आधीच लेखी ठरवावे. वरील जुलैत 1 किलो टोमॅटो आणि 30 रुपये दराचा 3 किलो भोपळा दिला, तर खर्च 120 ऐवजी 210 होतो. जादा 90 रुपये राखीव रकमेत बसतात. आमटीच्या आंबटपणाची सोय गोमंतकीय स्वयंपाकघरात सोलांनी कधीच करून ठेवली आहे. मात्र कांद्या-बटाट्याला अशी बदली चालत नाही. त्यांचे वजन निश्चितच ठेवावे लागते.

एका कलमाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ताजी भाजी वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. वेष्टनबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी व पिठावर 18 जुलै 2022 पासून पाच टक्के कर आहे. नोंदणीकृत विक्रेत्याने वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या, तर कायदा त्यास ‘मिश्र पुरवठा’ मानतो आणि त्यातील सर्वाधिक दर संपूर्ण पेटीला लागू होतो. म्हणजे करमुक्त भाजीच्या 800 रुपयांवरही 40 रुपये कर बसतो, नफ्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. त्यामुळे भाजीची किंमत वेगळी ठरवून तिचे बिल निराळे करणे श्रेयस्कर. ग्राहकाने दोन्ही बिलांची रक्कम एकदम भरली तरी चालते.

पेटी परवडते की नाही, हे एका महिन्यावरून ठरवू नये. प्रत्येक वेळी भाजी तोलून वजन लिहून ठेवावे आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरील त्या दिवसाचा दर शेजारी नोंदवावा. महागाईच्या महिन्यात पेटीचे वजन गुपचूप घटत असेल, किंवा स्वस्ताईतही भोपळा आणि कोबीच पुन्हा पुन्हा येत असेल, तर सरासरीचा लाभ एकाच बाजूला जात आहे, हे तीन-चार महिन्यांच्या नोंदींतून स्पष्ट दिसते.