बोटातली नाडी

१९३७ साली अमेरिकेत हर्ट्झमन यांनी बोटावर प्रकाश टाकून त्यातलं रक्ताचं भरणं-ओसरणं मोजलं. ठोक्यासरशी बोटात रक्त भरतं, जास्त प्रकाश शोषतं आणि बोट किंचित काळवंडतं. मोबाईलचा कॅमेरा फ्लॅशच्या उजेडात हेच काळवंडणं मोजतो. बोट गार असलं, हललं किंवा जोरात दाबलं की आकडा चुकतो, हे ठाऊक होतं.

पण परवा आईचं बोट नीट ठेवूनही ४२ आले. मनगटावरही ४२! घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांना स्टेथोस्कोपने ८४ ऐकू आले. एकाआड एक ठोका लवकर, हृदय पुरतं भरायच्या आतच पडत होता. त्याची लाट बोटापर्यंत पोचतच नव्हती. ईसीजीतही तेच दिसलं. फोनने बोट बरोबर मोजलं होतं, हृदय नाही.